आजारी नातवंड आजीकडे सोपवताना: भिंतीवरचा कागद कसा लिहावा

लेकराला जुलाब-ताप लागला की पहिल्या दिवशी आई रजा टाकते, दुसऱ्या दिवशी बाप. तिसऱ्या दिवशी अमळनेर, पारोळा नाहीतर चोपड्याहून आजी येते, किंवा रोजच्या सांभाळणाऱ्या मावशींच्या हाती लेकरू सोपवलं जातं. दाराशी चप्पल घालता घालता सूचना दिल्या जातात: "ते गुलाबी औषध दुपारी द्या, पावडरीचं पाणी पाजत राहा, आणि काही वाटलं तर फोन करा."

खान्देशात बालरोग वॉर्डात काम करताना संध्याकाळी आणलेल्या लेकरांसोबत मी बहुधा आजीच बघते. आजीने दिवसभर जीव लावून सांभाळलेलं असतं. तरी मी "शेवटची लघवी केव्हा झाली?" असं विचारलं की ती गप्प होते, कारण हे बघायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. गुलाबी औषध किती, पाणी किती, आणि 'काही वाटलं' म्हणजे नेमकं काय, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद डॉक्टरांच्या चिठ्ठीइतकाच कामाचा आहे. तो कसा लिहायचा ते इथे एकाच लेकराच्या निमित्ताने सांगते. दीड वर्षाचा मुलगा, वजन १० किलो, मे महिना, कालपासून पातळ जुलाब, दोन उलट्या, अंगात ताप. डॉक्टरांनी तपासून घरी ठेवायला हरकत नाही म्हटलं आहे. औषधांची मापं या १० किलोच्या लेकराची आहेत. तुमच्या लेकराची मापं तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यायची.

आधी बाटल्या ओट्यावर मांडा

कागद लिहायला बसण्याआधी घरातली लहान मुलांची सगळी औषधं एका जागी आणा. त्यात मागच्या सर्दीची अर्धी बाटली निघेल, पाहुण्यांच्या मुलाची विसरलेली बाटली निघेल, कधीकाळची जुलाब थांबवायची गोळीही निघेल. डॉक्टरांनी आत्ता लिहून दिलेलं तेवढं ओट्यावर ठेवा, बाकी सगळं कपाटात कुलपाआड टाका. सर्दीच्या काही सिरपमध्येही तापाचं औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, मिसळलेलं असतं. आजीने तापाचं एक आणि शिंका आल्या म्हणून दुसरं दिलं, तर तिच्या नकळत तापाचं औषध दोनदा पोटात जातं. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी लहान लेकराला कधीच द्यायची नसते. तिने आतड्याची हालचाल मंदावते, पोट फुगतं आणि आतला बिघाड आतच राहतो.

आता तापाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल आपल्याकडे निरनिराळ्या ताकदीचं मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५०. तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलीत १००. १० किलोच्या लेकराला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतून ६ मिली, दुसरीतून ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड मिली. आता कागदावर नुसतं 'तापाचं औषध ६ मिली' लिहिलं आणि आजीच्या हाताला थेंबांची बाटली लागली, तर चौपट औषध पोटात जाईल. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं आणि त्याची लक्षणं लगेच दिसतही नाहीत.

म्हणून कागदावर औषधाच्या नावासोबत ओळखायची खूण लिहा, आणि बाटलीवरही तीच करा. तापाच्या बाटलीला लाल रबरबँड, झिंकच्या पाकिटाला पिवळा धागा. कागदावर लिहायचं 'लाल रबरबँडवाली बाटली'. औषध घरातल्या चमच्याने मोजायचं नाही, कारण कुणाच्या घरच्या चमच्यात ३ मिली मावतं तर कुणाच्या ७. बाटलीसोबत आलेलं मापाचं झाकण किंवा मेडिकलमधून आणलेली बिनसुईची सिरिंज वापरा, आणि ६ मिलीच्या रेघेवर पक्क्या शाईच्या पेनाने जाड खूण करून ठेवा. आजीला आकडे वाचता येत नसले तरी 'इथपर्यंत ओढायचं' हे कळतं. निघण्याआधी एकदा तिच्याकडून पाणी ओढून घ्या. आपण दाखवलेलं तिने बघितलं एवढ्यावर थांबू नका, तिच्या हाताने झालं पाहिजे.

वेळेचं औषध आणि गरजेचं औषध

कागदावर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. काही औषधं घड्याळावर चालतात, ताप असो वा नसो. आपल्या लेकराला असं एकच आहे, झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, सलग १४ दिवस. हे औषध आई सकाळी स्वतः देऊन निघाली तर आजीच्या कागदावर 'झिंक: आज दिलं आहे, परत नाही' एवढंच राहतं. जेवढी औषधं आईबाप आपल्या हाताने निघण्याआधी आणि आल्यावर देऊ शकतात, तेवढी आजीच्या कागदावरून कमी करा.

तापाचं औषध घड्याळावरचं नाही. ते ताप असेल तर, आणि मागच्या वेळेपासून पुरेसा वेळ गेला असेल तरच द्यायचं. 'दिवसातून तीनदा' असं लिहिलं की आजी ताप नसतानाही देते. 'ताप आला की द्या' असं लिहिलं की दोन तासांनी पुन्हा अंग गरम लागलं म्हणून परत देते. म्हणून ते अटींनी लिहायचं: थर्मामीटरमध्ये 100.4 किंवा जास्त आणि लेकरू किरकिरं असेल तर, आणि मागचा डोस देऊन ६ तास झाले असतील तर. दिवस-रात्र मिळून चारपेक्षा जास्त वेळा नाही. सोबत मागच्या डोसची वेळ आईने स्वतः लिहून जायची: 'पहाटे ६ वाजता दिलं. १२ च्या आधी नाही.' ही एक ओळ चुकली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते, कारण रात्रीचं औषध कुणी आणि केव्हा दिलं हे फक्त आईबापाला माहीत असतं.

थर्मामीटरच्या पडद्यावर आकडे इंग्रजी वळणाचे येतात. जुन्या शाळेत मराठी अंक शिकलेल्या आजीला १००.४ लगेच वाचता येतं, 100.4 वाचताना ती अडखळते. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी लिहा. काखेत लावून आवाज येईपर्यंत थांबायचं. अंगावर हात ठेवून ताप मोजायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, पण मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात सगळ्यांचंच अंग गरम लागतं. ताप असला की कपडे सैल आणि सुती ठेवायचे, पंखा-कुलर चालू ठेवायचा, पुसायचं तर साध्या किंवा कोमट पाण्याने. बर्फाच्या पाण्याने अंगावर काटा येतो, लेकरू कुडकुडतं, आणि त्याने ताप उतरायला मदत होत नाही.

औषध दिल्यावर लगेच ओकलं तर काय, हेही लिहा, कारण हे हमखास होतं. माझ्या मते उत्तर एकच असावं: 'परत देऊ नका, मला फोन करा.' किती मिनिटांनी ओकलं आणि किती बाहेर आलं, त्यावरून परत द्यायचं की नाही ते ठरतं. तो निर्णय आजीवर टाकायचा नाही.

पाणी: जुलाबात खरं औषध हेच

जुलाबाने लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि मीठ संपल्याने. म्हणून कागदाचा सगळ्यात मोठा भाग पाण्याचा हवा.

ओआरएसचं पाकीट घेतानाच बघा, ते १ लिटरचं आहे की २०० मिलीचं. दोन्ही मेडिकलमध्ये शेजारी ठेवलेली असतात आणि रंगही सारखेच. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं तर पाणी इतकं खारट आणि गोड होतं की जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. छोटं पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर त्यात काही दमच राहत नाही. मी नेहमी १ लिटरचं पाकीट आणि १ लिटरची पाण्याची रिकामी, धुतलेली बाटली अशी जोडी ठेवायला सांगते. तांब्या-लोट्याचं माप घरोघरी वेगळं असतं, बाटलीचं नसतं. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या, अख्खं पाकीट एकदमच टाका, हलवा, आणि बाटलीवर पट्टी चिकटवून बनवल्याची वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. त्यात साखर, दूध किंवा सरबत काहीही घालायचं नाही, आणि बनवलेलं पाणी परत उकळायचंही नाही.

खोक्यातली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. बरीच वर्षं अशा पेयांच्या नावात हे शब्द सर्रास छापले जायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते छापायला मनाई केली. तरी लोकांच्या तोंडात जुनी नावं बसलेली आहेत, आणि आजीने शेजारच्या पोराला 'ओआरएस आण' म्हणून पाठवलं तर तो खोकंच घेऊन येईल. त्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. कोल्ड्रिंक, खोक्यातला रस आणि ग्लुकोजची पावडर यांचंही तसंच. पाकिटं दोन-तीन आधीच आणून ठेवा. खेड्यावर असाल तर आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात. पाकीट मिळेपर्यंत १ लिटर पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, असं घरचं पाणी चालतं. चमचा शिगोशिग भरायचा नाही, बोटाने सपाट करायचा.

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली. घरातली एक छोटी वाटी घ्या, तिच्यात सिरिंजने मोजून ७५ मिली पाणी ओता आणि कुठवर येतं तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. मग कागदावर लिहायचं: 'एक जुलाब, एक रेघ वाटी.' आजीला मिलीत विचार करावा लागत नाही आणि संध्याकाळी आईला हिशेबही लागतो. जुलाबांच्या मधल्या वेळात लेकरू मागेल तेवढं द्यावं.

कसं पाजायचं हे तेवढंच महत्त्वाचं. तहानलेलं लेकरू वाटी तोंडाला लावून गटागटा पितं आणि दोन मिनिटांत ओकतं. मग आजी म्हणते, "पानी टिकतच नही त्याले," आणि पाजणं थांबवते. इथेच संध्याकाळच्या सलाइनची सुरुवात होते. ओकल्यावर १० मिनिटं थांबायचं, मग चमचा-चमचा, दोन-तीन मिनिटांनी एक. टीव्ही लावून बसायचं, एकीकडे चमचा चालू ठेवायचा. एवढ्या धीम्या गतीने बहुतेक पाणी टिकतं.

खाणं बंद करायचं नाही. 'पोटाला आराम द्या' हा आपल्याकडचा जुना समज आहे, पण उपाशी आतडं लवकर भरून येत नाही. आईचं दूध चालू ठेवायचं. मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, ताज्या दह्याचं ताक, आणि केळं. आपण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातले, आणि तरी 'केळ्याने खोकला होतो' म्हणून आजारी लेकराला केळं देत नाही. जुलाबात जे पोटॅशियम वाहून जातं ते पिकलेल्या केळ्यात असतं, कुस्करून थोडं थोडं द्यावं. तिखट शेवभाजी, तळलेलं आणि मसाल्याचं राहू द्या. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे, पण मिरच्यांचा धूर लेकराच्या खोलीत नको, आणि जायफळ, अफूची बोंडं किंवा गुटी उगाळून काहीही चाटवायचं नाही. हे कागदावर एका ओळीत लिहा: 'या कागदावर नाही ते काहीही तोंडात नाही.'

धोक्याच्या खुणा: 'वाटलं' नको, दिसणारं लिहा

'जास्त झालं तर फोन करा' याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. आजीने चार-पाच लेकरं वाढवली आहेत, तिचं 'जास्त' आपल्यापेक्षा बरंच पुढचं असतं. शिवाय आपल्याकडच्या आज्यांना फोन करण्याचा संकोच असतो: "कसाले फोन करू, ती कामवर व्हई." म्हणून खुणा मोजता येतील किंवा डोळ्यांनी दिसतील अशा लिहायच्या, आणि दोन वेगळ्या गटांत. एका गटात फोन, दुसऱ्या गटात कुणाला न विचारता निघणं.

फोनच्या गटातली पहिली खूण लघवी. सहा तास लघवी नाही तर फोन. डायपरमध्ये पाण्यासारखा जुलाब आणि लघवी वेगळी ओळखता येत नाही, मुलीच्या बाबतीत तर मुळीच नाही. डायपरच्या पुढच्या भागात कापसाचा बोळा ठेवला की तो पिवळसर ओला झाला का ते कळतं. घरात असताना सुती लंगोट त्याहून चांगला. या गटातल्या बाकीच्या खुणा अशा: चमच्याने पाजूनही लागोपाठ तीनदा ओकला, दोन तासांत तीन मोठे पाण्यासारखे जुलाब झाले, किंवा तापाचं औषध देऊन तासाभराने ताप 102 च्या वरच आहे.

दुसऱ्या गटात वाट बघायची नसते. लेकरू हाक मारूनही डोळे उघडत नाही किंवा मान टाकतं. काहीही पीत नाही, किंवा प्यालेलं सगळं बाहेर टाकतं. जुलाबात रक्त दिसतं, उलटी हिरवी होते. आठ तास लघवी नाही. रडताना डोळ्यांत पाणी नाही आणि डोळे खोल गेले आहेत. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. झटके येतात.

पोटावरच्या कातडीची चिमूट कशी बघायची हे आजीला हाताने दाखवून ठेवा. बेंबीच्या बाजूला, दोन बोटांत कातडी उभी धरून उचलायची आणि सोडायची. चांगल्या लेकराची ती लगेच बसते. चिमूट क्षणभर तशीच उभी राहून हळूहळू बसली तर पाणी बरंच कमी झालं आहे, आणि दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर थांबायला वेळच नाही. आपल्या आज्यांना 'डोया खोल ग्यात' हे फार लवकर ओळखता येतं, कित्येकदा आईच्याही आधी. त्यावर विश्वास ठेवा आणि त्यांचेच शब्द कागदावर लिहा.

झटके आले तर काय करायचं, हे वेगळ्या चौकटीत मोठ्या अक्षरांत हवं, कारण त्या क्षणी कोणी शोधत बसत नाही. कुशीवर निजवा. तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल नाकाला लावू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर लगेच १०८. थांबले तरी त्याच दिवशी दवाखाना.

तयार कागद

हा आपल्या दीड वर्षाच्या लेकराचा कागद. मोठ्या अक्षरात, एका बाजूला, ओट्याच्या वर भिंतीला. त्याचा फोटो आजीच्या, बाबांच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मोबाईलवर.

> आई, आजचं हे असं (मंगळवार)
> वय दीड वर्ष, वजन १० किलो. कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही.
>
> ताप: लाल रबरबँडवाली बाटली, सिरिंजच्या काळ्या खुणेपर्यंत (६ मिली). १००.४ / 100.4 किंवा जास्त आणि किरकिर असेल तरच.
> पहाटे ६ ला दिलं आहे. दुपारी १२ च्या आधी नाही. दिल्यावर वेळ लिहा. पुढचं ६ तासांनी.
> ओकला तर परत देऊ नका, फोन करा.
>
> झिंक: मी सकाळी दिलं. परत नाही.
>
> पाणी: फ्रिजवरची १ लिटरची बाटली. एक जुलाब, एक रेघ वाटी. चमच्याने. ओकला तर १० मिनिटं थांबून परत चमचा-चमचा.
>
> खाणं: खिचडी, वरण-भात, ताक, केळं. कागदावर नाही ते नाही.
>
> मला फोन: ६ तास लघवी नाही / लागोपाठ ३ उलट्या / २ तासांत ३ मोठे जुलाब / औषधानंतर तासाभराने ताप १०२ / 102 च्या वर. माझा लागला नाही तर बाबांचा, मग वहिनींचा.
>
> कुणाला न विचारता निघा: जागा होत नाही / काही पीत नाही / सगळं ओकतो / रक्त / हिरवी उलटी / ८ तास लघवी नाही / डोळे खोल आणि अश्रू नाहीत / चिमूट हळू बसते / श्वासाला खड्डा / झटके.
> वहिनींचे यजमान रिक्षा काढतील. नाहीतर १०८. हा कागद आणि निळी फाइल सोबत घ्या. पैसे डब्याखाली.

सासूबाईंना लिहिताना वर 'आई' असं लिहिलं आणि वाक्यं 'द्या, करा, निघा' अशी ठेवली की तो हुकूम वाटत नाही. स्वतःची आई असेल तर 'तू' चालेल, मावशींना 'तुम्ही'. 'कुणाला न विचारता निघा' ही ओळ मात्र लिहाच, आणि तोंडानेही सांगा. दवाखान्यात न्यायचं तर मुलाला-सुनेला विचारायला हवं, खर्च होईल, उगाच घाबरलो असं म्हणतील, या विचारात दोन-दोन तास जातात. परवानगी आधीच लिहून दिली आणि पैसे डब्याखाली ठेवले की ते तास वाचतात.

१०८ ला बोलताना काय सांगायचं तेही कागदाच्या मागच्या बाजूला लिहा: गाव किंवा कॉलनीचं नाव, जवळची ठळक खूण, लेकराचं वय, काय होतंय. स्वतःच्या घराचा पत्ता पाहुणी आलेल्या आजीला सांगता येत नाही, हे आपण विसरतो.

नोंदीचा तक्ता, आणि एक दिवस

कागदाखाली चार रकाने आखा: वेळ, जुलाब, लघवी, उलटी. शेवटी एक मोठा रकाना, काय दिलं त्याचा. लिहिता येत नसेल तर जुलाबाला उभी रेघ, लघवीला गोळा, उलटीला फुली, वाटीला अर्धचंद्र. वेळेसाठी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असे तीन पट्टे पुरेत, पण लघवीच्या गोळ्याशेजारी घड्याळातल्या काट्यांचं चित्र काढायला शिकवा. दोन माणसं सांभाळत असतील तर पेन एकाच्याच हाती असावा. औषध देणाऱ्याने दिल्यावर लगेच लिहायचं, आठवून नाही.

आपल्या लेकराचा मंगळवार बघा. आई साडेआठला निघाली तेव्हा त्याने नुकतीच लघवी केली होती, आईनेच पहिला गोळा काढला. ९ वाजून २० मिनिटांनी जुलाब, एक रेघ वाटी. १० ला अजून एक, अर्धी वाटी गेली आणि ओकला. आजी १० मिनिटं थांबली, चमच्याने उरलेली अर्धी पाजली. सव्वाअकराला अंग तापलेलं लागलं, थर्मामीटरमध्ये 101. बारा वाजले नव्हते, म्हणून आजीने औषधाला हात लावला नाही, साध्या पाण्याने अंग पुसलं. १२ ला 101.2 आणि किरकिर. ६ मिली दिलं, वेळ लिहिली. तासाभराने 99.8. खिचडीचे चार घास खाल्ले. दुपारी दीड आणि दोनला मोठे जुलाब, वाटी मागून घेऊन पीत होता. अडीचला आजीने तक्त्यावर नजर टाकली. सकाळनंतर गोळाच नाही. लेकरू तसं खेळण्याकडे बघत होतं, घाबरण्यासारखं काही 'वाटत' नव्हतं. पण सहा तास झाले होते, म्हणून तिने फोन केला.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. ओठ कोरडे, डोळे थोडे ओढलेले, चिमूट जराशी हळू बसणारी, पण शुद्धीत आणि पाण्यासाठी अधाशी. अशा लेकराला सलाइनच लागतं असं नाही. दवाखान्यातच बसवून किलोला ७५ मिली या हिशेबाने, म्हणजे १० किलोला ७५० मिली ओआरएस चार तासांत चमच्या-वाटीने पाजतात आणि परत तपासतात. तिसऱ्या तासाला लघवी झाली, सातला घरी. मेच्या उन्हात, पारा ४४-४५ ला टेकलेला असताना, हेच लेकरू रात्रीपर्यंत घरी राहिलं असतं तर चिमूट जागेवर बसली नसती.

डॉक्टरांना या तक्त्याचा किती उपयोग होतो, हे मी रोज बघते. 'दिवसभर जुलाब होते' यापेक्षा चार रेघा, एक फुली आणि साडेआठचा एकच गोळा यातून त्यांना एका नजरेत कळतं. म्हणून कागद दवाखान्यात न्यायचा, आणि रात्री परत भिंतीला लावायचा.

संध्याकाळी आई घरी आली की आधी तक्ता वाचायचा, मग आजीला विचारायचं, आणि रात्रीच्या औषधांसाठी त्याच कागदावर पुढे लिहायचं. दुसरा कागद काढला की दुपारी बाराचा डोस नजरेआड होतो. दोन-तीन दिवसांत जुलाब बांधले की बहुतेक घरांत हा कागद काढून टाकतात आणि झिंकही त्याच्यासोबत सुटतं. झिंक १४ दिवसांचं असतं, जुलाब थांबले तरी. त्यामुळे वरचा भाग कापून टाका, पण झिंकची ओळ आणि १४ चौकटी भिंतीवर राहू द्या, रोज सकाळी गोळी दिली की एका चौकटीवर फुली मारायची.